हवामान बदल : शमन आणि अनुकूलन म्हणजे काय?

हवामान बदलाला तोंड देण्याचे दोन मार्ग आहेत. तापमानवाढ घडवणाऱ्या वायूंचे उत्सर्जन घटवणे, म्हणजेच मूळ कारणावर उपाय करणे, याला शमन म्हणतात. जी वाढ झाली आहे किंवा अटळ आहे, तिच्यापासून माणसे, घरे आणि उपजीविका वाचवणे म्हणजे अनुकूलन. हे दोन मार्ग कोठे वेगळे होतात आणि कोठे एकमेकांना छेदतात, हे पुराच्या छायेतील चिपळूण आणि उष्णतेशी झुंजणारे अहमदाबाद यांच्या उदाहरणांतून स्पष्ट होते.

चिपळूण : पाण्याचा निचरा

रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण शहर वाशिष्ठी नदीच्या काठी वसले आहे. सह्याद्रीवर पडलेला पाऊस तीव्र उतारामुळे काही तासांतच शहरापर्यंत पोहोचतो. त्याच वेळी खाडीला भरती असेल, तर पाणी समुद्राकडे न सरता शहरात पसरते. २६ जुलै २००५ नंतर २२ जुलै २०२१ रोजीही बाजारपेठ पाण्याखाली गेली.

हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे अतिवृष्टीची तीव्रता वाढते. मात्र चिपळूणने उद्या सर्व वाहने बंद केली, तरी वाशिष्ठीची पातळी तसूभरही उतरणार नाही. कार्बन डायऑक्साइड जगभरच्या हवेत मिसळतो आणि त्याचा मोठा भाग शेकडो वर्षे टिकतो. म्हणूनच शमनाचा लाभ साऱ्या जगाला, पण सावकाश मिळतो. अनुकूलनाचा लाभ मात्र ज्या गावाने ते केले, त्याच गावाला आणि लवकर मिळतो.

२०२१ च्या पुरानंतर वाशिष्ठीच्या पात्रातील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. पात्र खोल झाले की तेवढाच प्रवाह कमी उंचीवरून वाहून जातो. परंतु डोंगरउतारांची धूप थांबली नाही, तर गाळ पुन्हा साचतो. पूररेषेच्या आतील नव्या बांधकामांवर निर्बंध घालता येतात. पिढ्यान्‌पिढ्या तेथेच असलेली बाजारपेठ हलवणे मात्र सोपे नसते.

येथेच दोन्ही मार्ग एकमेकांना छेदतात. कोयना जलविद्युत प्रकल्प कोळसा न जाळता वीज देतो. त्या अर्थाने तो शमनाचा भाग ठरतो. मात्र वीजनिर्मितीनंतरचे त्याचे पाणी पश्चिमेकडे वाशिष्ठीत येते. पुराच्या दिवशी या विसर्गाचा वाटा किती, यावर चिपळूणमध्ये वाद झाला आहे. अतिवृष्टी आणि भरती एकत्र येणार असल्यास वीजनिर्मिती किती वेळ थांबवायची, हा येथे अनुकूलनाचा प्रश्न ठरतो.

अहमदाबाद : उष्णतेचा इशारा

२१ मे २०१० रोजी अहमदाबादचे तापमान ४६.८ अंश सेल्सिअसवर पोहोचले. उष्माघात हे कारण मृत्यूच्या नोंदीत क्वचितच येते. त्यामुळे संशोधकांनी त्या मे महिन्यातील एकूण मृत्यूंची तुलना आदल्या आणि पुढच्या वर्षाच्या मे महिन्यांशी केली. तेव्हा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे आढळले.

त्यानंतर २०१३ मध्ये महानगरपालिकेने उष्णता कृती आराखडा लागू केला. हवामान विभागाच्या अंदाजानुसार इशारा दिला जातो. ४५ अंशांच्या पुढे तो लाल असतो. इशारा मिळताच रुग्णालये सज्ज होतात, पाणपोया सुरू होतात आणि उद्याने अधिक वेळ खुली ठेवली जातात. पुढील अभ्यासात, आराखड्यानंतरच्या दोन वर्षांत दरवर्षी सरासरी सुमारे १,१९० मृत्यू टळल्याचा अंदाज मांडण्यात आला. तरीही केवळ दिवसाच्या कमाल तापमानावर बेतलेला इशारा रात्रीचा उकाडा टिपत नाही. रात्रीही शरीराला उसंत मिळाली नाही, तर धोका वाढतो.

उष्णतेवरचा सर्वांत परिचित उपाय वातानुकूलन यंत्राचा आहे. पण त्याची वीज कोळशातून येत असेल, तर ते आजचा उकाडा दूर करताना उद्याच्या उकाड्यात भर घालते. याउलट पत्र्याच्या छताला पांढरा परावर्तक रंग दिल्यास ऊन परत फेकले जाते आणि घर काही अंशांनी थंड राहते. वीजही वाचते. एकाच उपायातून अनुकूलन आणि शमन दोन्ही साधते.

अनुकूलनाची मर्यादा

खोल केलेले पात्र ठरावीक प्रवाहापर्यंतच पुरते. हवा उष्ण आणि अतिदमट झाली, तर घाम वाळत नाही आणि सावलीतही शरीर थंड होत नाही. जागतिक पातळीवर कार्बन डायऑक्साइडचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर येईपर्यंत तापमान वाढतच राहील. भारताने त्यासाठी २०७० हे लक्ष्य ठेवले आहे. शमन लांबले, तर चिपळूणची पूररेषा आणि अहमदाबादचा इशारा दोन्ही पुन्हा पुन्हा नव्याने आखावे लागतील.