तगरची वाट आणि विरहिणीची निद्रा

मुरुडजवळचे तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर व तगर तेथून आणखी दहा दिवसांवर असल्याची नोंद आहे. ह्याच वाटेने गाड्या भरभरून तगरचे कापड भडोच बंदरास जाई. म्हणजे जाऊन येण्यास दोन महिने तरी लागत; पावसाने वाट अडविली तर किती, हे कोणी सांगावे!

मागे राहिलेल्या स्त्रियांच्या रात्री कशा जात? पैठणच्या सातवाहन हालाच्या नावे असलेल्या ‘गाथासप्तशती’त तगरचा गाडीवान नाही, पण प्रवाशांच्या बायका पुष्कळ आहेत. त्यांतील एक, पती स्वप्नात तरी दिसतो अशा बायकांना धन्य म्हणते. तिला त्याच्यावाचून झोपच नाही, मग स्वप्न कोठले? उत्कंठा स्वप्न मागते आणि काळजी निद्राच हिरावते, ही अडचण तिने नेमकी ओळखली आहे.

पुढे ‘मेघदूता’तील यक्षपत्नीही स्वप्नभेटीसाठी निद्रा इच्छिते, पण आसवे निद्रेस डोळ्यांत थारा देत नाहीत. यक्षाला मात्र स्वप्ने पडतात. तो झोपेत तिला कवटाळण्यास शून्यात बाहू पसरतो. दूरस्थ पतीस स्वप्न आणि घरच्या स्त्रीस जागरण, ही कालिदासाची वाटणी आम्हांस सहज झालेली वाटत नाही.