बार्शी लाइट रेल्वे आणि आपला फुल अँड फायनल

आमच्या आयटीत नोकरी सुटण्याला शब्द बरेच आहेत. कुणी पेपर टाकतो, कुणाला बेंचवरून घरी पाठवतात, कुणाला 'आस्क टू लीव्ह' होतं. पण शेवटी हातात किती पैसे पडणार, हा हिशेब यातल्या कुठल्याच शब्दावर ठरत नाही. कायद्याच्या पुस्तकात त्याची वेगळी नावं आहेत: राजीनामा, बडतर्फी आणि कपात. यातल्या 'कपात' या शब्दाचा अर्थ काय, यावर आपल्या देशात सदतीस वर्षं खल चालला होता. आणि त्याची सुरुवात चक्क आपल्या बार्शीच्या गाडीपासून होते. या वीकेंडला तीच गोष्ट.

बार्शी लाइट रेल्वे म्हणजे अडीच फुटी रुळांवरून धावणारी छोटी गाडी. १८९७ साली ती कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि पुढे वाढत वाढत लातूरपासून पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत गेली. आषाढीला वारकऱ्यांनी टपापर्यंत भरलेली ही गाडी आजी-आजोबांकडून ऐकली असेलच. ती सरकारची नव्हती, एका इंग्लिश कंपनीची होती. करारात एक कलम असं होतं की आधी नोटीस देऊन सरकारला ती विकत घेता येईल. डिसेंबर १९५२ मध्ये सरकारने तशी नोटीस दिली. ताबा घ्यायची तारीख ठरली १ जानेवारी १९५४.

मधल्या काळात दिल्लीत एक वेगळीच घडामोड झाली. कापड गिरण्यांत माल साठून पडला होता आणि कामगारांना घरी बसवणं चाललं होतं. म्हणून सरकारने घाईने वटहुकूम काढला आणि मग १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात नवं प्रकरण घातलं. ते लागू झालं २४ ऑक्टोबर १९५३ पासून. त्यात पहिल्यांदा लिहिलं गेलं की वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि शिवाय नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यायचा. कपात म्हणजे काय, तर मालकाने कुठल्याही कारणाने कामगाराची सेवा संपवणं. फक्त शिस्तभंगाची शिक्षा म्हणून काढलं असेल तर ती कपात नाही. स्वेच्छानिवृत्ती वगैरे एकदोन अपवाद होते, ते सोडून देऊ.

आता तारखा बघा. कायदा लागू झाला २४ ऑक्टोबरला. ११ नोव्हेंबर १९५३ ला बार्शी रेल्वे कंपनीने सगळ्या कामगारांना नोटीस दिली, की ३१ डिसेंबरला तुमची नोकरी संपली. बहुतेकांना दुसऱ्या दिवसापासून सरकारी रेल्वेने कामावर घेतलं. पण जुन्या मालकाने तर काढलंच होतं ना? मग वर्षामागे पंधरा दिवस द्या, असं कामगारांचं म्हणणं. मुंबई हायकोर्टाने ते मान्य केलं. कंपनी सुप्रीम कोर्टात गेली.

सुप्रीम कोर्टात बडोद्याच्या एका गिरणीचं प्रकरणही सोबत होतं. ती गिरणी बंदच झाली होती. निकाल लागला २७ नोव्हेंबर १९५६ ला, आणि तो कामगारांच्या विरुद्ध. पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की कपात म्हणजे चालू धंद्यात जास्तीचे झालेले कामगार कमी करणं. धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला, तर त्याला कपात म्हणता येणार नाही. 'कुठल्याही कारणाने' हे शब्द कितीही रुंद असले तरी मूळ शब्दाच्या बाहेर जाऊ शकत नाहीत.

यावर ओरड झाली आणि सरकारने १९५७ मध्ये पुन्हा वटहुकूम, मग कायदा करून दोन नवी कलमं घातली. मालकी बदलली किंवा धंदा बंद झाला, तरी कपात झाल्यासारखीच भरपाई द्यायची. (नव्या मालकाकडे नोकरी न तुटता आणि अटी कमी न होता गेलात, तर मात्र नाही.) ही कलमं मागच्या तारखेपासून लागू केली. कुठली तारीख? २८ नोव्हेंबर १९५६. म्हणजे निकालाचा दुसरा दिवस! ज्यांनी लढून ही त्रुटी दाखवून दिली, त्या बार्शीवाल्यांच्या पदरात काही पडलं नाही. आज तुमची कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली तर सर्व्हिसची सलगता वगैरे जे बोललं जातं, त्याचं मूळ इथे आहे.

एव्हाना दुसरी एक गोष्ट पक्की झाली, तीही मुंबईत. जे. जे. हॉस्पिटलमधल्या वॉर्ड सेविकांना भरपाई न देता काढलं होतं. १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाने (निकाल गजेंद्रगडकरांचा) सांगितलं की भरपाई ही कपातीची पूर्वअट आहे. पैसे दिले नाहीत तर कपात झालीच नाही, नोकरी चालूच आहे. 'आधी जा, पैसे नंतर बघू' हे चालणार नाही.

पण मोठा प्रश्न बाकीच होता. धंदा चालू आहे, माणूस जास्तीचा झालेला नाही, शिक्षाही केलेली नाही. नुसतंच पत्र दिलं की 'आपल्या सेवेची आवश्यकता नाही'. हे काय? १९७६ मध्ये असं प्रकरण सुप्रीम कोर्टात आलं. स्टेट बँकेने एका कॅशियरला तुटक तुटक नेमणुका दिल्या होत्या आणि शेवटची नऊ दिवसांची नेमणूक आपोआप संपली असं बँक म्हणत होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर म्हणाले की 'कुठल्याही कारणाने' याचा अर्थ कुठल्याही कारणाने, ही कपातच आहे. दोन निकालांची तोंडं दोन दिशांना! शेवटी १९९० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने वाद मिटवला. बार्शीचा निकाल फक्त बंद झालेल्या किंवा हस्तांतरित धंद्यापुरता. बाकी ठिकाणी शिक्षा म्हणून नसलेली प्रत्येक समाप्ती ही कपात. दरम्यान १९८४ मध्ये एक पळवाट कायद्यातच आली: ठरलेल्या मुदतीचा करार संपला आणि नूतनीकरण झालं नाही, तर ती कपात नाही. कॉन्ट्रॅक्टवर माणसं घेण्याची आवड का वाढली, हे आता सांगायला नको.

इतिहास संपला, आता खिशाकडे येऊ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे जाऊन चार श्रमसंहिता आल्या. पण कपातीची व्याख्या जवळजवळ शब्दश: तीच राहिली.

समजा एक टेस्टर आहे. कायद्याच्या अर्थाने वेतन महिना ५२,००० (म्हणजे बेसिक आणि महागाई भत्ता, बाकी भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग यात मिळवतात). सलग नोकरी ६ वर्षं ८ महिने. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून ७ वर्षं.

तिने स्वत: राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी मिळते, कारण पाच वर्षं झाली आहेत. ५२,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ७, म्हणजे २,१०,०००. शिवाय कामाच्या दिवसांचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे. नोटीस पिरियड पूर्ण केला नाही तर करारानुसार तेवढे पैसे कापले जातील.

तिची कपात झाली तर ग्रॅच्युइटीचे २,१०,००० आहेतच. वर भरपाई पंधरा दिवसांची; इथे २६ ने भागत नाहीत, सरळ अर्धा महिना धरतात, म्हणून २६,००० गुणिले ७, म्हणजे १,८२,०००. नोटीस न देता काढलं तर आणखी ५२,०००. आणि नव्या संहितेप्रमाणे मालकाने पुनर्कौशल्य निधीत पंधरा दिवसांचं वेतन, २६,०००, भरायचं. ते तिच्या खात्यात ४५ दिवसांत जमा व्हायला हवं. बेरीज केली तर राजीनाम्यापेक्षा २,६०,००० जास्त.

आणि बडतर्फ केलं तर? भरपाई नाही. पण लोकांना वाटतं तसं सगळंच बुडत नाही. पगार, रजेचे पैसे आणि पीएफ तिचेच. ग्रॅच्युइटीसुद्धा आपोआप जात नाही. नुकसान केलं असेल तर त्या रकमेपुरती कापता येते. पूर्ण जप्त करायची तर हिंसा, दंगामस्ती किंवा नैतिक अध:पतनाचा गुन्हा असं कारण लागतं. शिवाय शिक्षा म्हणायची तर आरोपपत्र, उत्तराची संधी आणि चौकशी हवी. 'परफॉर्मन्स बरा नाही' असं एका ओळीत लिहून काढलं, तर ती शिक्षा कसली? मग ती कपातच, आणि २,६०,००० चा प्रश्न परत उभा.

आता कळलं का, कंपनी 'तूच राजीनामा दे, रेकॉर्ड स्वच्छ राहील' असं का म्हणते? रेकॉर्डची काळजी असेलही. पण त्या एका मेलवर २,६०,००० चा फरक पडतो. सही केलीत की तुम्ही स्वेच्छेने गेलात असं धरलं जातं आणि दबाव होता हे सिद्ध करायचं काम तुमच्यावर येतं. म्हणून मीटिंगमध्ये सांगितलेलं त्याच दिवशी मेलने परत लिहून पाठवा: आज अमुक वाजता मला राजीनामा द्यायला सांगितलं, मी स्वत:हून देत नाही. वाद न्यायचा तर काढल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत.

एक अडचण मात्र खरी आहे. कपातीचं हे सगळं 'कामगारा'ला लागू. प्रत्यक्ष मॅनेजर असाल, किंवा सुपरवायझर असून १८,००० च्या वर वेतन असेल, तर नाही. मग ऑफर लेटरमध्ये जे लिहिलंय तेवढंच. तांत्रिक काम मात्र व्याख्येत आहे आणि त्याला पगाराची मर्यादा नाही. हुद्द्यात 'लीड' आहे म्हणून भागत नाही, दिवसभर तुम्ही कोड लिहिता की माणसांच्या रजा मंजूर करता, हे बघितलं जातं. ग्रॅच्युइटीला मात्र ही अट नाही, ती मॅनेजरलाही मिळते.

आणि हो, हिशेब कधी? 'एफ अँड एफला ४५ दिवस लागतात' ही कंपन्यांची पद्धत आहे. १९३६ च्या जुन्या कायद्यात मालकाने काढलेल्याला दुसऱ्या कामाच्या दिवशी पगार द्यायचा होता. नव्या वेतन संहितेने त्यात राजीनामा देणाऱ्यालाही घेतलं. दोन कामाच्या दिवसांत पगार, आणि ग्रॅच्युइटी तीस दिवसांत.

तेव्हा मंडळी, रिलीव्हिंग लेटर हातात आलं की आधी त्यातलं क्रियापद वाचा. तुम्ही सोडली, की त्यांनी काढलं?