मिटलेल्या पापण्या आणि उसने डोळे : समूहछायाचित्राची एक छोटी कथा

१/ शाळेच्या वा लग्नाच्या समूहछायाचित्रात एकाचे तरी डोळे मिटलेले असतात. त्यावरचा आजचा उपाय असा, की त्याच प्रसंगाच्या दुसऱ्या फ्रेममधून त्याचे उघडे डोळे उसने घ्यायचे. हा उपाय नवा वाटतो, पण त्याची मुळे दीडशे वर्षे मागे जातात. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ १ मार्च १८७०. कॅनडातील माँट्रियलच्या व्हिक्टोरिया रिंकवर, बर्फावर, वेषधारी स्केटिंगचा उत्सव झाला. राजपुत्र आर्थर उपस्थित होता. विल्यम नॉटमन या छायाचित्रकाराला तो सोहळा टिपायचा होता. परंतु त्या काळच्या काचेच्या निगेटिव्हसाठी माणसाला काही सेकंद निश्चल राहावे लागे. शेकडो स्केटर एकाच वेळी निश्चल कसे राहणार?

३/ नॉटमनने वेगळीच वाट धरली. त्याने लोकांना आपल्या स्टुडिओत बोलावून त्यांची स्वतंत्र छायाचित्रे घेतली, आकृत्या कापल्या आणि रंगवलेल्या पार्श्वभूमीवर चिकटवल्या. सुमारे ३०० माणसे एका चित्रात आली आणि प्रत्येकाची मुद्रा त्याच्या पसंतीची होती. तत्त्व स्पष्ट होते : समूह एका क्षणात टिपू नये, माणसामाणसाने जमवावा.

४/ पुढे कॅमेरे वेगवान झाले, तरी पापणी लवायची थांबली नाही. ऑस्ट्रेलियाच्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी याचे गणित मांडले आणि २००६ चे गणिताचे इग्-नोबेल मिळवले. हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हे पारितोषिक मिळते. आपणही हा हिशेब करून पाहू.

५/ माणूस मिनिटाला १० वेळा पापणी लववतो आणि प्रत्येक वेळी डोळे पाव सेकंद मिटतात, असे धरा. म्हणजे ६० सेकंदांपैकी अडीच सेकंद, अर्थात २४ वा भाग, डोळे बंद. ३० जणांच्या वर्गात सर्वांचे डोळे एकाच वेळी उघडे असण्याची शक्यता १०० पैकी २८ इतकीच उरते. एक तरी निर्दोष फ्रेम मिळेल याची ९९ टक्के खात्री हवी, तर सुमारे १४ फ्रेम घ्याव्या लागतील.

६/ आता उसनवारी करून पाहा. सेकंद-दोन सेकंदांच्या अंतराने तीनच फ्रेम घ्या. एखाद्याचे डोळे तिन्हींत मिटलेले असण्याची शक्यता १३,८२४ मध्ये एक. ३० जणांचा वर्ग धरला तरी अशा सुमारे ४६० प्रयत्नांत एकदाच अडचण येईल. १४ फ्रेमचे काम तिनांत झाले, कारण आता सर्वांचे डोळे एकाच क्षणी उघडे असण्याची गरज उरली नाही.

७/ अवघड भाग पुढचा : जोड दिसू नये. २००४ साली असीम अगरवाला आणि सहकाऱ्यांनी ‘इंटरॅक्टिव्ह डिजिटल फोटोमोंटाज’ या शोधनिबंधात यावर मार्ग दाखवला. प्रथम सर्व फ्रेम एकमेकींवर अचूक बसवायच्या. मग हव्या त्या चेहऱ्यावर रेघ ओढायची. जिथे दोन्ही फ्रेम जवळजवळ सारख्या आहेत, अशा ठिकाणांतून संगणक कापणीची वाकडीतिकडी रेषा शोधतो : केसांची कड, भिंत, सदऱ्याची घडी.

८/ तरीही ढग सरकून उजेड बदललेला असतो. म्हणून रंग जसेच्या तसे उचलत नाहीत. शेजारच्या बिंदूंमधील फरक उचलतात आणि त्यावरून रंग नव्याने बसवतात. त्यामुळे जोड विरघळतो. २०२३ मध्ये गूगलच्या पिक्सेल ८ फोनमध्ये आलेली ‘बेस्ट टेक’ सोय याच कल्पनेची वारसदार आहे.

९/ मर्यादाही आहेत. दोन फ्रेमच्या मध्ये मान वळली असेल, तर नुसते डोळे बसत नाहीत. नजर एकीकडे आणि नाक दुसरीकडे दिसते. तेव्हा संपूर्ण डोके घ्यावे लागते. चष्म्याची तुटलेली काडी, दुहेरी कान, शेजाऱ्याच्या खांद्याशी न जुळणारी सावली, बुबुळातील प्रकाशाचा ठिपका इतरांहून वेगळ्या बाजूला : उसनवारीच्या या खुणा आहेत.

१०/ इतिहासाच्या अभ्यासकाने येथेच थांबून विचार करावा. असे छायाचित्र ‘ही माणसे त्या दिवशी तेथे होती’ याचा पुरावा आहे. ‘त्या क्षणी ती सर्व कॅमेऱ्याकडे पाहत होती’ याचा मात्र नाही, कारण तसा क्षण आलाच नव्हता. नॉटमनचे चित्र जोडचित्र आहे हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून ते आपली फसवणूक करीत नाही. तुमच्या वर्गाचे छायाचित्र दुरुस्त कराल, तेव्हा मूळ तिन्ही फ्रेमही जपून ठेवा आणि मागे लिहा : ‘तीन फ्रेम जोडून.’