पूर्णविराम कुणी दिला?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी आणि माझ्या पार्टनरने एक मोठा शोध लावला होता. मराठी वाक्य आखूड होत चाललंय! प्रोजेक्टचं नाव भारदस्त होतं, ‘मराठी कथांचा संगणकीय अभ्यास’. काम मात्र साधं. पायथनमध्ये शब्द मोजायचे, वाक्यं मोजायची, भागाकार करायचा. गोष्टींचे दोन ढीग केले होते. एक हरि नारायण आपट्यांच्या ‘करमणूक’च्या काळातला, म्हणजे १८९० नंतरचा, आणि दुसरा अलीकडच्या दिवाळी अंकांतला. जालावर मिळालं ते उतरवून घेतलं, उरलेलं रात्री जागून टंकलं. आलेख डावीकडून उजवीकडे छान उतरत गेला, परीक्षक खूश झाले, आम्हाला मार्क मिळाले.

मंडळी, तो शोध चुकीचा होता. कसा, ते सांगायलाच हा वीकांत खर्ची घातलाय.

पहिली ठेच अगदी पहिल्याच दिवशी लागली होती. वारंवारतेच्या यादीत ‘आणि’, ‘आहे’, ‘नाही’ वर येतील अशी आमची अपेक्षा. वर आले ते ‘क’, ‘त’ आणि ‘ल’. आमच्या गोष्टी बाराखडीत लिहिलेल्या असाव्यात तशी यादी! भानगड ही होती:

```python
import re
re.findall(r'\w+', 'मराठी गोष्ट')
# ['मर', 'ठ', 'ग', 'ष', 'ट']
```

पायथनच्या `re` मध्ये `\w` म्हणजे अक्षर किंवा अंक. युनिकोडच्या हिशेबात काना, वेलांटी आणि पाय मोडण्याची खूण ही ‘अक्षरं’ नाहीत, ती अक्षराला जोडायची चिन्हं. त्यामुळे प्रत्येक काना-वेलांटीपाशी शब्द तुटतो. गंमत म्हणजे प्रोग्रॅम कुठलीही एरर देत नाही. मुकाट्याने चुकीचं मोजत राहतो. ओळखायची खूण एकच: यादीच्या डोक्यावर एकाक्षरी शब्दांची गर्दी दिसली की समजायचं. उपाय म्हणजे देवनागरीचा पट्टा स्वतः सांगणं, त्यातून दंड वगळून:

```python
text = text.replace('\u0930\u094d\u200d', '\u0931\u094d')
words = re.findall(r'[\u0900-\u0963\u0966-\u097f]+', text)
```

वरची पहिली ओळ खास मराठीसाठी आहे. ‘दुसऱ्या’ मधला तो अर्धा र संगणकावर दोन प्रकारे टंकला जातो. एकात ऱ हे वेगळं अक्षर वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यादीत ‘दुसऱ्या’ दोनदा येतो आणि दोन्हींचे आकडे अर्धेमुर्धे. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण यांना एक करत नाही, ते हातानेच करावं लागतं.

इथपर्यंत आम्ही हुशार होतो. पुढे फसलो.

जुन्या ढिगात ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘तें’, ‘घरांत’ असे शब्द होते. उच्चारात न येणारे हे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अधिकृतपणे गेले. यंत्राला ‘नाहीं’ आणि ‘नाही’ हे दोन निराळे शब्द वाटतात. म्हणून आम्ही एक ओळ लिहून शब्दाच्या शेवटचा अनुस्वार सरसकट उडवला. ‘नाहीं’चं काम झालं. पण ‘तें’ म्हणजे ‘ते मूल’ मधलं नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘ते’ म्हणजे ‘ते लोक’ मधलं अनेकवचन. जुन्या लेखनात हा फरक डोळ्यांना दिसायचा, आमच्या त्या एका ओळीने तो पुसला. शब्दाच्या मधल्या अनुस्वाराची तर आणखीच पंचाईत. जुना ‘घरांत’ एका घरातलाही असतो आणि अनेक घरांतलाही, आणि आजच्या नियमांनी त्यातला फक्त अनेकवचनी अनुस्वार टिकतो. कुठला काढायचा आणि कुठला ठेवायचा, ते वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. शेवटी आम्ही निवडक पंचवीस-तीस शब्दांचीच जुनी-नवी जोडयादी हाताने केली आणि बाकीच्यांना हात लावला नाही. आजही मी तेच करीन.

याच कामात आणखी एक गोष्ट लक्षात यायला हवी होती. एकाच जुन्या गोष्टीत ‘नाहीं’ही होतं आणि ‘नाही’ही. म्हणजे आमच्या हातात १८९० चा मजकूर नव्हताच. नंतरच्या कुठल्यातरी आवृत्तीत कुणीतरी अर्धवट सुधारलेला मजकूर होता. शुद्धलेखन सुधारणाऱ्याने विरामचिन्हं तशीच ठेवली असतील कशावरून? हा प्रश्न आम्हाला सुचला नाही. तो सुचला आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त मराठीच्या सरांना.

प्रोजेक्ट संपल्यावर मी मोठ्या ऐटीत त्यांना तो आलेख दाखवायला गेलो होतो. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, “अरे, वाक्य संपलं हे तुझ्या यंत्राला कसं कळतं?”

“सोपं आहे सर. पूर्णविराम, प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह आलं की संपलं.”

“बरं. आणि तो पूर्णविराम कुणी दिला?”

मला वाटलं सर गंमत करतायत. नव्हते करत. त्यांनी कागदावर चार ओळी लिहिल्या आणि म्हणाले, “हे मोज बघू.” तो कागद माझ्याजवळ राहिला नाही, पण त्याच धर्तीवर मी बनवलेला हा तुकडा घ्या:

ती दारांत उभी होती; पाऊस थांबला नव्हता; भाऊ अजून आले नव्हते. “आता काय करूं?” असें ती म्हणाली.

शब्द सतरा. माणूस वाचेल तर वाक्यं दोन, सरासरी ८.५ शब्द. आमच्या प्रोग्रॅमने ‘करूं?’ पाशी तोडलं असतं, म्हणजे वाक्यं तीन, सरासरी ५.७. आणि अर्धविरामालाही वाक्याचा शेवट मानलं तर पाच, सरासरी ३.४. एक शब्द बदलला नाही, एक शब्द हलला नाही, आणि सरासरी साडेआठावरून साडेतीनाच्याही खाली! आता कल्पना करा, आजच्या एखाद्या लेखकाने हाच मजकूर अर्धविरामांच्या जागी पूर्णविराम देऊन लिहिला. बाई तीच, दार तेच, पाऊस तोच. आमचा आलेख मात्र म्हणणार, वाक्य आखूड झालं.

उलटी चूकही होते. ‘ह. ना. आपटे यांचा जन्म १८६४ साली झाला.’ या आठ शब्दांच्या एका वाक्याची आमचा प्रोग्रॅम तीन वाक्यं करतो: एक शब्द, एक शब्द आणि सहा शब्द. हिंदीवाल्यांना हा त्रास कमी, कारण त्यांचं वाक्य दंडाने संपतं आणि आद्याक्षरांपुढे टिंब येतं. आपण दोन्ही कामं एकाच टिंबावर टाकली. आणि हे टिंब आपल्याकडे आलं कसं, तोच सरांच्या प्रश्नाचा खरा रोख होता.

मोडीतलं जुनं पत्र बघितलंय का कधी? आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली सलग लिहीत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, वाक्याच्या शेवटी खूण नाही. पोथ्यांत ओवी संपल्यावर दंड असायचे, पण ते पद्याचं माप. तेराव्या शतकात म्हाइंभटाने रचलेलं ‘लीळाचरित्र’ हे मराठीतलं केवढं जुनं गद्य! आज छापील प्रतीत आपल्याला त्यात जी विरामचिन्हं दिसतात, ती संपादकांनी वाचकाच्या सोयीसाठी घातलेली आहेत. त्यातली वाक्यं मोजली तर मोजमाप म्हाइंभटाचं होणार नाही, संपादकाचं होईल.

स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम हा सगळा संच मराठीत आला तो एकोणिसाव्या शतकात, छापखाना आणि शाळाखात्याच्या पुस्तकांबरोबर, इंग्रजीच्या नमुन्यावर. मोल्सवर्थच्या कोशावर काम केलेल्या मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ नावाचं पुस्तक काढलं. कुठे किती थांबायचं हे त्याआधी मराठी वाचकाला वाक्यातलं क्रियापद सांगायचं, आता खूण सांगू लागली. ‘करमणूक’ निघालं १८९० साली, म्हणजे त्या पुस्तकानंतर अवघ्या चाळीस वर्षांनी. म्हणजे आमच्या आलेखाचं डावं टोक मराठी पूर्णविरामाच्या बालपणात होतं. तेव्हा अर्धविरामाला भरपूर काम होतं. आज आपण मेलमध्ये, मेसेजमध्ये अर्धविराम शेवटचा कधी टाकला ते आठवून बघा. (सेमीकोलन टाकतो म्हणाल, पण तो कोडमध्ये!)

वाक्याच्या लांबीवरून लेखक ओळखायची कल्पना काही आमची नव्हती. उडनी यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९३९ साली ‘बायोमेट्रिका’त यावर निबंध लिहिला, आणि एका जुन्या लॅटिन धर्मग्रंथाचा खरा लेखक कोण या वादात ती पद्धत लावून पाहिली. मोजणी हाताने. वाक्य म्हणजे काय याचा विचार मोजण्याआधी त्याला करावा लागला. आम्हाला `split` मिळाल्यामुळे तो करावासा वाटला नाही, एवढाच फरक.

तर या शनिवारी जुनी फाइल उघडली आणि मोजणी दोनदा केली. एकदा अर्धविराम धरून, एकदा सोडून. अवतरणातलं प्रश्नचिन्ह आणि आद्याक्षरांचं टिंब आधीच झाकून ठेवलं:

```python
text = re.sub(r'([?!])([”"])', r'\2', text)
text = re.sub(r'(?<!\S)([\u0905-\u0939][\u093e-\u094d]?)\.', r'\1', text)
```

पहिली ओळ अवतरणाच्या आतलं चिन्ह काढते. पण वाक्य खरोखरच त्या अवतरणाशी संपत असेल तर दोन वाक्यं जोडली जातात, म्हणून संवादांची पानं वेगळी काढून डोळ्यांनी तपासावी लागतात. दुसरी ‘ह.’ आणि ‘ना.’ सांभाळते, पण ‘डॉ.’ सांभाळतानाच वाक्याच्या शेवटी आलेला ‘ये.’ किंवा ‘जा.’ सुद्धा गिळते. तेही हाताने तपासलं.

अर्धविरामाला वाक्याचा शेवट मानल्यावर आमच्या त्या देखण्या उताराचा बराचसा भाग सपाट झाला. मोजणी बदलल्यावर जो फरक नाहीसा होतो, तो वाक्याचा नसतो, खुणेचा असतो. जो थोडा फरक दोन्ही मोजण्यांत उरला, तेवढाच आमचा. तोही ‘या ढिगांपुरता, या आवृत्त्यांपुरता’ असं लिहूनच सांगायचा.

आलेख टाकून दिला नाही. फक्त त्याचं शीर्षक बदललं. आधी होतं ‘मराठी वाक्याची घटती लांबी’. आता आहे ‘मराठी अर्धविरामाचे दिवस’. सरांना पाठवलाय. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं, आणि शेवटी मुद्दाम पूर्णविराम दिलेला नाही.