बँकांचे विलीनीकरण : खातेदारासाठी होणारे बदल

एक बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, की पहिल्या बँकेची मालमत्ता, देणी, ठेवी, कर्जे आणि करार ठरलेल्या तारखेपासून दुसऱ्या बँकेचे होतात. सरकारी बँकांच्या बाबतीत विलीनीकरणाची योजना केंद्र सरकार अधिसूचनेने जाहीर करते. खातेदाराची संमती घेतली जात नाही आणि त्याला नवे खातेही उघडावे लागत नाही. मात्र कायद्याने विलीनीकरण एका दिवसात झाले, तरी संगणकप्रणाली, शाखांचे संकेतांक, छापील चेक आणि खातेदाराने ठिकठिकाणी दिलेले बँकेचे तपशील बदलायला पुढचे वर्ष-दीड वर्ष जाते. खातेदाराच्या बहुतेक अडचणी या मधल्या काळातल्या असतात.

हे समजून घेण्यासाठी सिंडिकेट बँकेचे उदाहरण सोयीचे आहे. १९२५ मध्ये उडुपीत सुरू झालेली, मणिपाल येथे मुख्यालय असलेली ही बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली. त्याच दिवशी ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स व युनायटेड बँक ऑफ इंडिया या पंजाब नॅशनल बँकेत, आंध्र बँक व कॉर्पोरेशन बँक या युनियन बँकेत आणि अलाहाबाद बँक इंडियन बँकेत गेली. त्याआधी वर्षभर, १ एप्रिल २०१९ रोजी, देना बँक व विजया बँक बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या होत्या.

आयएफएससी. पैसे ऑनलाइन पाठवताना लागणारा हा अकरा अक्षर-अंकांचा संकेतांक असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचव्या जागी नेहमी शून्य आणि शेवटच्या सहा जागा शाखेच्या. बँकच उरली नाही, की पहिली चार अक्षरे बदलणे ओघाने आले. पण केवळ तेवढीच बदलून भागत नाही, कारण दोन्ही बँकांनी आपापल्या शाखांना दिलेले क्रमांक एकमेकांशी जुळू शकतात. कॅनरा बँकेने यावर सोपा नियम केला : SYNB च्या जागी CNRB घालायचे आणि शाखेच्या क्रमांकात दहा हजार मिळवायचे. बँकेने स्वतः दिलेले उदाहरण असे :

```
जुना : SYNB0003687
नवा  : CNRB0013687
```

इथे 3687 चे 13687 झाले. ज्याने फक्त अक्षरे बदलून CNRB0003687 लिहिले, त्याने सिंडिकेटच्या त्या शाखेचा संकेतांक दिलेला नाही. हा नियम सिंडिकेटपुरता आहे, हेही ध्यानात ठेवावे. युनियन बँकेने आंध्र आणि कॉर्पोरेशनच्या शाखांसाठी वेगळी रचना केली, बँक ऑफ बडोदाने आणखी वेगळी. त्यामुळे दुसऱ्याच्या खात्यावरून अंदाज न बांधता नवा संकेतांक बँकेच्या संकेतस्थळावरून किंवा शाखेतूनच घ्यावा. शिवाय जवळजवळ असलेल्या दोन शाखा पुढे एक केल्या गेल्या, तर तोच संकेतांक पुन्हा बदलू शकतो.

जुने संकेतांक विलीनीकरणाच्या दिवशी बंद पडत नाहीत. SYNB ने सुरू होणारे संकेतांक १ जुलै २०२१ पासून बंद झाले, म्हणजे विलीनीकरणानंतर सव्वा वर्षाने. त्यानंतर ते वापरून एनईएफटी करू पाहिले, तर बहुतेक वेळा पाठवणाऱ्याची बँक संकेतांक स्वीकारतच नाही. यादी अद्ययावत नसल्याने तो स्वीकारला गेला आणि रक्कम जमा होऊ शकली नाही, तर ती पाठवणाऱ्याच्या खात्यात परत येते. एनईएफटीच्या नियमानुसार जमा न झालेली रक्कम त्या तुकडीचा हिशेब झाल्यापासून दोन तासांत परत करावी लागते. पैसे बुडत नाहीत, पण पगार किंवा भाडे वेळेवर पोहोचत नाही. परदेशातून येणाऱ्या रकमांचा स्विफ्ट संकेतांकही बदलतो. सिंडिकेटचा SYNBINBBXXX याच तारखेला बंद होऊन त्याजागी CNRBINBBBFD आला. आखातात असलेल्या गोवा-कोकणातल्या माणसांना घरी पैसे पाठवताना हा बदल कळणे आवश्यक होते, आणि तो कळवण्याचे काम घरच्या खातेदाराचेच असते.

खातेक्रमांक बदलेलच असे नाही. देना व विजया बँकेच्या खातेदारांना बँक ऑफ बडोदाचे नवे क्रमांक मिळाले. क्रमांक बदलला असेल, तर यूपीआयच्या अॅपमधले जुने खाते काढून नवे जोडावे लागते.

नवा संकेतांक कुठे कळवायचा. बँक आपल्या नोंदी बदलते, पण खातेदाराने इतरत्र लिहून दिलेल्या नोंदींवर तिचा हात पोहोचत नाही. समजा, मडगावच्या एका खाजगी नोकरदाराचा पगार सिंडिकेट बँकेत येत होता. त्याने नवा आयएफएससी आस्थापनेच्या पगार विभागाला दिला आणि काम झाले असे मानले. काही महिन्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढण्याचा त्याचा अर्ज अडकला, कारण यूएएन पोर्टलवरच्या केवायसीत जुनाच संकेतांक होता. तिथे बँकेचा तपशील पुन्हा भरून पडताळून घ्यावा लागतो. प्राप्तिकराच्या परताव्याचेही तसेच : प्राप्तिकर पोर्टलवर खाते पुन्हा पडताळून घेतल्याशिवाय परतावा जमा होत नाही. म्युच्युअल फंड, विमा पॉलिसी, डीमॅट खाते, निवृत्तिवेतन, भाडेकरू, एवढ्या जागी तरी पाहून घ्यावे. ज्या रकमा वर्षातून एकदाच किंवा बऱ्याच वर्षांनी येतात, त्यांच्या नोंदी हमखास राहून जातात.

गॅसचे अनुदान मात्र अनेकांना काहीही न करता मिळत राहिले. आधारच्या आधारे जमा होणाऱ्या सरकारी रकमा आयएफएससी पाहून जात नाहीत. कोणता आधार क्रमांक कोणत्या बँकेशी जोडला आहे, ही नोंद राष्ट्रीय देयके महामंडळाकडे असते आणि विलीनीकरणात ती बँकेच्या पातळीवर बदलता येते. अनुदान थांबलेच, तर आयएफएससीच्या मागे न लागता खाते आधारशी जोडलेले आहे की नाही, हे शाखेत तपासावे.

चेकबुक. चेकच्या तळाशी चुंबकीय शाईत छापलेली अंकांची पट्टी असते. तिच्यात चेकच्या क्रमांकानंतर नऊ अंकी एमआयसीआर संकेतांक येतो : पहिले तीन अंक शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. मुंबईसाठी 400, पुण्यासाठी 411. सिंडिकेटसाठी 025, कॅनरासाठी 015. आता चेकचा कागद एका बँकेतून दुसरीकडे जात नाही. त्याचे चित्र आणि ही माहिती समाशोधनाला जाते आणि चेक कोणत्या बँकेकडे पाठवायचा, हे या मधल्या अंकांवरून ठरते. जुन्या बँकेचा संकेतांक यादीतून निघाला, की खात्यात भरपूर पैसे आणि सही बरोबर असूनही तो चेक वटत नाही. जुन्या चेकवर नव्या बँकेचे नाव किंवा नवा आयएफएससी हाताने लिहून उपयोग नसतो.

सिंडिकेटच्या चेकबुकांची मुदत ३० जून २०२१ पर्यंत होती. ओरिएंटल, युनायटेड आणि अलाहाबाद या बँकांची चेकबुके १ ऑक्टोबर २०२१ पासून बाद झाली. प्रत्येक विलीनीकरणात ही तारीख वेगळी असते. चेक लिहिल्या तारखेपासून तीन महिने चालतो, हा सर्वसाधारण नियम इथे पुरेसा नाही : मुदत संपायच्या आठवडाभर आधी लिहिलेल्या चेकलाही पुढचे तीन महिने मिळतील असे धरून चालू नये.

खरा धोका पुढच्या तारखा घालून आधीच देऊन ठेवलेल्या चेकचा आहे. कर्जाच्या हप्त्यांसाठी वित्तसंस्थेकडे, भाड्यासाठी घरमालकाकडे, तारण म्हणून व्यापाऱ्याकडे असे चेक पडून असतात आणि देणाऱ्यालाही त्यांची आठवण नसते. नवे चेकबुक हाती येताच ते बदलून द्यावेत आणि जुने परत घ्यावेत. ज्याच्याकडे असा चेक आहे, त्याने तर अधिकच सावध असावे. अलाहाबाद बँकेचा जुना चेक मुदतीनंतर भरल्याने परत आला, अशा प्रकरणात अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले, की बाद झालेला चेक न वटल्याने परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खालचा गुन्हा होत नाही. पैसे वसूल करण्याचा दिवाणी मार्ग राहतो, पण चेक हातात असण्याचा मुख्य आधारच जातो.

पासबुक. पासबुक चेकसारखे बाद होत नाही. ते व्यवहाराचे साधन नाही, नोंदींची वही आहे. जुन्या पासबुकात नव्या नोंदी छापून मिळतील याची खात्री नसते आणि त्यावरचा आयएफएससी जुना असतो, म्हणून नवे घ्यावे. कुठल्याही अर्जाला पहिल्या पानाची प्रत जोडताना ती नव्या पासबुकाचीच असावी, कारण प्रत पाहणारा कारकून छापलेला संकेतांकच भरून घेतो. जुने पासबुक शाखेत जमा करून टाकू नये. नव्या प्रणालीत जुन्या नोंदी किती मागेपर्यंत सहज मिळतील, हे बँकेगणिक वेगळे असते. घरविक्री, वारसाहक्क किंवा प्राप्तिकराची विचारणा यांत दहा वर्षांपूर्वीची एखादी नोंद लागते, तेव्हा तीच वही कामी येते.

ठेवी, लॉकर आणि विमा. मुदत ठेवीची जुनी पावती मुदत संपेपर्यंत चालते आणि ठरलेला व्याजदरही तोवर कायम राहतो. नूतनीकरणाच्या वेळी नव्या बँकेचा दर लागतो. वारसनोंद पुढे चालू राहते, तरी ती नव्या पासबुकावर किंवा पावतीवर दिसते का, हे पाहून घ्यावे. शाखा एकत्र झाल्याने लॉकर हलवावे लागणार असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांनुसार लॉकरधारकाला किमान दोन महिने आधी कळवून लॉकर बदलण्याचा किंवा बंद करण्याचा पर्याय द्यावा लागतो.

ठेवविम्यातला बदल कोणी आवर्जून सांगत नाही. विम्याचे संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून दर बँकेमागे, दर ठेवीदारामागे, मुद्दल आणि व्याज धरून पाच लाख रुपये आहे. एखाद्याने जोखीम वाटून घेण्यासाठी दोन बँकांत प्रत्येकी चार लाख ठेवले असतील, तर पूर्वी त्याचे आठही लाख या मर्यादेत बसत होते. त्याच दोन बँका एक झाल्यावर दोन्ही ठेवी एकाच बँकेतल्या ठरतात आणि आठ लाखांपैकी पाचच लाखांना विमा राहतो. मोठ्या सरकारी बँकांत हा प्रश्न सहसा पुढे येत नाही. नागरी सहकारी बँकांच्या विलीनीकरणात मात्र ठेवीदाराने ही बेरीज करून पाहावी आणि वरची रक्कम मुदत संपताच तिसऱ्या बँकेत न्यावी.