कोमारहित आरसा: बर्नहार्ड श्मिट यांनी जुना दोष जाणूनबुजून का पत्करला?

१/
विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या आरशाच्या दुर्बिणीतून घेतलेले आकाशाचे छायाचित्र पाहिले, तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. मधोमध असलेले तारे टाचणीच्या टोकासारखे नेमके उमटतात. कडेकडे जावे तसतशी प्रत्येक ताऱ्याला शेपटी फुटत जाते, आणि साऱ्या शेपट्या केंद्रापासून बाहेरच्या दिशेला वळलेल्या असतात. आरसा तर अचूक घासलेला. मग हे का घडते? या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर १९३० साली हॅम्बुर्गजवळच्या बेर्गेडॉर्फ वेधशाळेत साकार झाले. आजचा धागा त्या उत्तराविषयी.

२/
आधी जुना शत्रू पाहू. गोलाच्या पृष्ठाचा तुकडा असलेला आरसा घासायला सर्वांत सोपा. पण दूरच्या ताऱ्याचे समांतर किरण तो एका बिंदूत आणत नाही. काठाजवळचे किरण आरशाच्या थोडे जवळ मिळतात, मध्याजवळचे थोडे दूर. कोठेही पडदा धरा, बिंदूऐवजी गोल ठिपकाच मिळतो. हे गोलीय विपथन. तारा दृष्टिक्षेत्राच्या अगदी मध्यभागी असला तरीही हा दोष असतो, हे त्याचे मुख्य लक्षण मनात ठेवा. पुढची सारी कथा त्यावर उभी आहे.

३/
त्यावरचा उपाय गणितज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होता: आरशाला अन्वस्ताचा, म्हणजे पॅराबोलाचा, आकार द्यायचा. न्यूटन यांनी १६६८ मध्ये बनवलेल्या छोट्या दुर्बिणीचा धातूचा आरसा गोलीयच होता. १७२१ मध्ये जॉन हॅडली यांनी अन्वस्ताकार आरशाची दुर्बीण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवली. अक्षाला समांतर येणारे सारे किरण अन्वस्त एकाच नाभीत आणते. गोलीय विपथन शून्य. पुढची दोनशे वर्षे मोठे आरसे याच आकाराचे घडत राहिले.

४/
मात्र ‘अक्षाला समांतर’ या शब्दांतच मेख आहे. अन्वस्ताला एकच अक्ष असतो. तारा त्या अक्षापासून जरासा बाजूला असला की त्याचे किरण तिरपे येतात, आणि तेथे अन्वस्ताची हमी संपते. तेथून दोन नवे दोष सुरू होतात: कोमा आणि अस्टिग्मॅटिझम. १८५० च्या दशकात जर्मन गणितज्ञ लुडविग फॉन सायडल यांनी प्रतिमेतील अशा दोषांची गणिती वर्गवारी केली, तेव्हा हे तिन्ही दोष एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळे झाले.

५/
कोमा कसा जन्मतो, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, आरशाचे नाभीय अंतर त्याच्या व्यासाच्या तिप्पट आहे. अन्वस्ताच्या मध्यापासून नाभी जितकी दूर असते, त्याहून काठापासून किंचित अधिक दूर असते. आपल्या आरशात हा फरक १/१४४ इतका येतो. तारा बाजूला असला, तर त्याची प्रतिमा केंद्रापासून किती सरकणार, हे या अंतरावर ठरते. म्हणजे आरशाचा काठ ती प्रतिमा मध्यापेक्षा थोडी अधिक बाहेर टाकतो. एकाच आरशाच्या निरनिराळ्या कड्यांचे वर्धन निरनिराळे होते. गोलीय विपथनात कड्यांची नाभी मागेपुढे होते. कोमात प्रतिमेचे मापच कड्यागणिक बदलते.

६/
आता आकडे. तारा अक्षापासून अर्धा अंश, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीइतका, बाजूला आहे असे धरा. अर्धा अंश म्हणजे १८०० विकला. त्याचा १/१४४ म्हणजे १२.५ विकला. काठाच्या कड्याची प्रतिमा साध्या बिंदूची न राहता १२.५ विकला त्रिज्येचे वर्तुळ होते, आणि त्या वर्तुळाचा मध्य २५ विकला सरकलेला असतो. त्यामुळे त्याची दूरची कड ३७.५ विकलांपर्यंत पोहोचते. आतल्या कड्यांची वर्तुळे क्रमाने लहान आणि कमी सरकलेली. ती सारी एकावर एक ठेवा: एका टोकाला तेजस्वी बिंदू आणि मागे रुंदावत जाणारी फिकट शेपटी. हुबेहूब धूमकेतू; ‘कोमा’ हे नाव मुळात ‘केस’ या अर्थाच्या शब्दावरून आले.

७/
अस्टिग्मॅटिझमचे कारण निराळे. तिरप्या किरणांना आरसाही तिरपाच दिसतो. जणू थाळी कलती धरावी. कलण्याच्या दिशेतील किरण एका अंतरावर मिळतात, तर त्याला काटकोनातील किरण दुसऱ्या. म्हणून पडदा पुढेमागे सरकवला, तर तारा आधी एका दिशेची रेघ होतो, मध्ये गोल ठिपका होतो आणि पुढे पहिल्या रेघेशी काटकोन करणारी रेघ होतो. ‘बिंदू नाही’ हाच या नावाचा अर्थ. वरच्या आरशात अर्ध्या अंशावर हा ठिपका जेमतेम २.६ विकलांचा असतो. तेथे राज्य कोमाचेच.

८/
तिन्ही दोष ओळखायचे कसे? एकच छायाचित्र हाती घ्या. सर्व दृष्टिक्षेत्रात, मध्यभागीसुद्धा, तारे सारखेच गोल आणि पसरट दिसत असतील, तर गोलीय विपथन. मध्य स्वच्छ, आणि कडेकडे शेपट्या अंतराच्या प्रमाणात लांबत असतील, तर कोमा. अंतर दुप्पट झाले की शेपटी दुप्पट. नाभी थोडी हलवल्यावर ताऱ्यांची रेघ ९० अंशांनी वळत असेल, तर अस्टिग्मॅटिझम. हा मात्र अंतराच्या वर्गाने वाढतो, अंतर दुप्पट तर दोष चौपट. गोलीय विपथनाला तारा कोठे आहे याच्याशी काही देणेघेणे नाही. बाकी दोघांचे अस्तित्वच त्यावर अवलंबून आहे.

९/
आता खगोलवेत्त्यांची अडचण स्पष्ट होईल. वातावरणामुळे तारा तसाही एखाद्या विकलेने पसरतो. आपल्या आरशात अक्षापासून अवघ्या ४८ विकलांवर कोमा एका विकलेला पोहोचतो. म्हणजे निर्दोष क्षेत्र चंद्रबिंबाच्या एका छोट्या तुकड्याएवढे! आरसा जितका ‘वेगवान’, म्हणजे नाभीय अंतर जितके कमी, तितका कोमा वाढतो. फिकट तेजोमेघांसाठी वेगवान आरसा हवा, आकाशाची मोजदाद करायला रुंद क्षेत्र हवे. आणि अन्वस्त या दोन्ही गोष्टी एकत्र देत नव्हते.

१०/
येथे बर्नहार्ड श्मिट प्रवेश करतात. जन्म १८७९, आजच्या एस्टोनियातील नाइसार बेटावर. किशोरवयात स्फोटकांचा प्रयोग करताना त्यांनी उजवा हात गमावला. तरीही एका हाताने काच घासून उत्कृष्ट आरसे बनवणारे कारागीर म्हणून त्यांचे नाव झाले. १९२९ मध्ये सूर्यग्रहणाच्या वेधासाठी ते खगोलवेत्ते वाल्टर बाडे यांच्यासह फिलिपिन्सला गेले. त्या समुद्रप्रवासात त्यांनी बाडे यांना आपली कल्पना सांगितली.

११/
कल्पना अशी. अन्वस्त सोडा आणि पुन्हा गोलीय आराशाकडे या. सर्व किरणांना एका गोल छिद्रातून आत येऊ द्या, आणि ते छिद्र आरशाजवळ न ठेवता बरोबर गोलाच्या वक्रताकेंद्रावर ठेवा. आता कोणत्याही दिशेने आलेला किरणसमूह छिद्रातून जाताना गोलाच्या केंद्रातूनच जातो, आणि केंद्रातून पाहिले तर गोल सर्व दिशांना सारखाच. प्रत्येक ताऱ्याला त्याचा स्वतःचा अक्ष मिळतो. ‘अक्षाबाहेर’ असे काही उरतच नाही. मग अक्षाबाहेर जन्मणारे कोमा आणि अस्टिग्मॅटिझम येणार कोठून?

१२/
अन्वस्ताच्या बाबतीत छिद्र कोठेही सरकवले तरी कोमा जात नाही; त्याला असे समदर्शी केंद्रच नाही. गोलाकडे ते आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते: गोलीय विपथन परत येते. आपल्या तिप्पट नाभीय अंतराच्या आरशात ते उत्तम नाभीवरही सुमारे ६० विकलांचा ठिपका देते. अर्ध्या अंशावरच्या कोमाहून हे अधिकच वाईट. मग लाभ काय? लाभ हा की, ते सर्वत्र अगदी सारखे आहे. ठिकाणागणिक बदलणाऱ्या दोषाला एक औषध पुरत नाही. सगळीकडे एकच असलेल्या दोषाला पुरते.

१३/
ते औषध म्हणजे छिद्रातच, वक्रताकेंद्रावर, बसवलेली काचेची पातळ तबकडी. तिचा पृष्ठभाग जेमतेम जाणवेल इतकाच वक्र. काठाच्या आणि मध्याच्या किरणांना ती आधीच किंचित वळवते, म्हणजे आरशावरून परतताना ते एकत्र मिळतात. असा अवघड आकार घासायचा कसा? श्मिट यांनी तबकडी एका भांड्याच्या तोंडावर हवाबंद बसवली, आतली हवा काही प्रमाणात उपसली आणि दाबाने खाली वाकलेली काच सोप्या आकारात घासली. हवा आत सोडताच काच सरळ झाली आणि हवा असलेला वक्र तिच्यावर आपोआप उतरला.

१४/
१९३० मध्ये पहिला कॅमेरा तयार झाला: छिद्र ३६ सेंटिमीटर, आरसा ४४ सेंटिमीटर, नाभीय अंतर छिद्राच्या केवळ १.७५ पट. आरसा छिद्राहून मोठा आहे, कारण तिरपे किरण आरशाच्या निरनिराळ्या भागांवर पडतात. आपल्या निबंधाच्या शीर्षकात श्मिट यांनी या रचनेला भरपूर प्रकाश देणारी ‘कोमारहित’ आरसाप्रणाली म्हटले. गोलीय विपथनाचा शीर्षकात उल्लेख नाही. खरा शत्रू कोण होता, हे त्यावरून कळते.

१५/
रचनेला मर्यादाही आहेत. प्रतिमा सपाट पृष्ठावर न पडता गोलाकार पृष्ठावर पडते, म्हणून छायाचित्राची काच वाकवून बसवावी लागे. नळी नाभीय अंतराच्या दुप्पट लांब होते. आणि तबकडी निरनिराळ्या रंगांना किंचित निराळी वळवते. तरीही बाडे १९३१ मध्ये अमेरिकेत गेल्यावर ही कल्पना तेथे रुजली. श्मिट १९३५ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी पॅलोमार पर्वतावर १८ इंची श्मिट दुर्बीण सुरू झाली, आणि १९४८ मध्ये ४८ इंची. १९४९ पासून या दुसऱ्या दुर्बिणीने उत्तर आकाशाचे जे सर्वेक्षण केले, त्याची प्रत्येक काच सुमारे साडेसहा अंश रुंदीचे आकाश टिपत होती: एका ओळीत १३ पूर्ण चंद्र मावतील इतके.

१६/
दोनशे वर्षे आरसेकार गोलीय विपथन घालवण्यासाठी अन्वस्त घासत राहिले आणि त्याच्या मोबदल्यात कडेचा कोमा निमूटपणे सोसत राहिले. श्मिट यांनी सौदा उलटा केला: जो दोष जागा बदलल्याने बदलत नाही तो पदरी घेतला, आणि जे दोष जागेवरच जगतात त्यांची जागाच काढून घेतली. पुढच्या वेळी कडेला शेपट्या फुटलेले ताऱ्यांचे छायाचित्र दिसले, तर आधी मध्यभागी पाहा. तेथे तारे नेमके असतील, तर दुखणे अक्षाबाहेरचे आहे.