खिळ्याचा फोटो

१९६६ साली सोल वर्थ आणि जॉन अडेअर हे दोघे अमेरिकेतल्या ॲरिझोनात पाइन स्प्रिंग्ज इथल्या नाव्हाहो वस्तीत गेले. कॅमेरे वस्तीतल्या लोकांच्या हाती द्यायचे, चित्रपट त्यांनीच काढायचे, असा बेत होता. परवानगी मागितली तेव्हा एका वृद्ध मंत्रवैद्याने विचारलं, याने मेंढ्यांचं काही वाईट होईल का? नाही. मग भलं होईल का? तेही नाही. मग काढायचे कशाला? म्हातारा नेमकं बोलला. चित्रपट नाव्हाहोंनी काढले, पण त्यांचा अर्थ लावला अभ्यासकांनी.

तो अर्थ कोणी सांगायचा, हे १९७३ साली पेरूच्या लिमा शहरात उलटं झालं. पाउलो फ्रेअरी यांच्या विचारांवर चाललेल्या साक्षरता मोहिमेत नाटककार आगुस्तो बोआल होते. शोषण म्हणजे काय, याचं उत्तर फोटोतून द्यायला लोकांना सांगितलं होतं. एका पोराने भिंतीतल्या खिळ्याचा फोटो आणला. मोठ्यांना काही उमजेना, पण बाकीच्या पोरांना लगेच पटलं. बोलणं सुरू झालं तेव्हा कळलं, की ही पोरं शहरात बूटपॉलिश करतात, घर लांब, जड पेटी रोज नेणं-आणणं जमत नाही. मग दुकानदाराच्या भिंतीतला खिळा पेटी टांगायला रात्रीपुरता भाड्याने घ्यायचा. हे पोरांनी सांगितलं नसतं, तर तो फोटो कुणी बाजूलाच टाकला असता.

पुढे १९९० नंतर कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी चीनच्या युन्नान प्रांतात ६२ खेडूत बायकांना कॅमेरे दिले. प्रत्येकीने आपल्या फोटोंतून मोजके निवडायचे आणि सगळ्यांसमोर बोलायचं. इथे काय दिसतं? खरं काय चाललंय? आपल्या जगण्याशी याचा काय संबंध? हे असं का आहे? काय करता येईल? एका फोटोत बाई मक्याची निंदणी करतेय आणि तान्हं मूल बांधाशी एकटंच पडलंय. पहिल्या प्रश्नावर थांबलं तर आई निष्काळजी ठरते. चौथ्यापर्यंत गेलं की शेतात राबणाऱ्या बाईचं मूल सांभाळणारं कुणी नाही, हे पुढे येतं. चर्चेत अधिकारीही सामील होते, आणि त्यातून पाळणाघरं निघाली. या पद्धतीला आधी ‘फोटो नॉव्हेला’ म्हणत, १९९७च्या लेखापर्यंत ‘फोटोव्हॉइस’ हे नाव रुळलं.

एक अडचण उरतेच. फोटोत शेजारीपाजारीही येतात, आणि ज्याच्याकडे तक्रार न्यायची तोच सावकार किंवा मुकादम असू शकतो. म्हणून कॅमेरा वाटण्याआधी धोक्यांची चर्चा, आणि फोटोतल्या माणसाची लेखी संमती, असा दंडक नंतर पडला.

आज कॅमेरे वाटून प्रदर्शन भरवलं, की त्यालाही फोटोव्हॉइस म्हणतात. फोटो काढणाऱ्यांनीच निवड केली नसेल आणि त्या पाच प्रश्नांवर ते बोलले नसतील, तर ते निव्वळ प्रदर्शन आहे.